सेव्हन-कार्ड स्टड: समोरची उघडी पानं कशी वाचायची

पोकरचा होल्डेम प्रकार खेळताना शेवटची पानं उलटेपर्यंत समोरच्याच्या हातातलं एकही पान दिसत नाही. मधली पाच पानं सगळ्यांची सामाईक असतात, त्यामुळे जे तुम्हाला दिसतं तेच त्यालाही दिसतं. सेव्हन-कार्ड स्टड या पोकरच्याच दुसऱ्या प्रकारात सामाईक पानं नसतात. प्रत्येकाला स्वतःची सात पानं मिळतात आणि त्यांतली चार टेबलावर उघडी पडतात. समोरच्याचा अर्ध्याहून जास्त हात डोळ्यांसमोर असतो, आणि ज्यांनी पानं टाकली त्यांचीही निदान एकेक पान तुम्ही पाहिलेलं असतं. होल्डेममधून आलेले नवे खेळाडू इथे एकच गोष्ट करायची विसरतात. आपल्या हातात काय आहे ते ते बघतात, पण जे हवं आहे ते गड्डीत शिल्लक आहे का, हे बघत नाहीत.

मेंढीकोटमध्ये किती हुकूम पडले, रमीत कुठली पानं खाली गेली, हे ध्यानात ठेवायची सवय असेल तर स्टडचं निम्मं काम झालंय. उरलेलं काम म्हणजे ती सवय कुठे आणि कशी वापरायची ते शिकणं.

आधी डाव कसा चालतो

जास्तीत जास्त आठ खेळाडू बसतात. खाली ‘लिमिट’ प्रकार धरला आहे, कारण स्टड बहुतेक ठिकाणी तसाच खेळतात. लिमिटमध्ये बेट किती लावायची हे ठरलेलं असतं. आपण १० आणि २० चिप्सचा डाव घेऊ.

पानं वाटण्याआधी प्रत्येकजण १ चिप मध्ये टाकतो. ही अँटी. होल्डेममध्ये फक्त दोघांकडून ब्लाइंड घेतात, इथे सगळ्यांकडून थोडं थोडं.

मग प्रत्येकाला दोन पानं झाकून आणि एक उघडं. या टप्प्याला थर्ड स्ट्रीट म्हणतात आणि त्या पहिल्या उघड्या पानाला डोअर कार्ड. ज्याचं डोअर कार्ड सगळ्यांत लहान, त्याला सक्तीने ३ चिप्स लावाव्या लागतात. ही ब्रिंग-इन. दोघांकडे दुर्री असेल तर रंगावरून ठरतं: किलवर सगळ्यांत खाली, मग चौकट, मग बदाम, सगळ्यांत वर इस्पिक. एक्का इथे मोठा धरतात. रंगाचा हा चढउतार फक्त ब्रिंग-इनसाठी आहे, शेवटी हात जुळवताना त्याला किंमत नाही. पुढचे खेळाडू ३ ला कॉल करतात, पानं टाकतात किंवा रक्कम पूर्ण १० वर नेतात.

त्यानंतर चौथं, पाचवं आणि सहावं पान उघडं येतं, सातवं झाकलेलं. प्रत्येक पानानंतर बेटिंगची एक फेरी होते, म्हणजे एकूण पाच फेऱ्या. होल्डेममध्ये चार असतात. तिसऱ्या आणि चौथ्या पानावर बेट १० ची, पाचव्यापासून २० ची. चौथ्या पानावर कुणाची जोडी उघडी दिसली तर अनेक ठिकाणी तिथेच २० लावायची मुभा असते, तेव्हा बसण्याआधी हा नियम विचारून घ्यावा. शेवटी सातांतली उत्तम पाच पानं धरायची.

आठही जण शेवटपर्यंत राहिले तर ५६ पानं लागतील आणि गड्डीत ५२ च आहेत. असं झालं तर शेवटचं पान प्रत्येकाला वेगळं न देता एकच पान मध्ये उघडं ठेवतात आणि ते सगळ्यांचं धरतात. हे फार क्वचित घडतं.

तीन पत्ती खेळणाऱ्यांनी हातांच्या क्रमाबाबत इथेच सावध व्हावं. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असते आणि ट्रेल सगळ्यांच्या वर. पोकरमध्ये पाच पानांचा फ्लश स्ट्रेटला हरवतो, आणि स्ट्रेट तीन सारख्या पानांना हरवतो. थर्ड स्ट्रीटवर तीन सारखी पानं मिळणं हे तीन पत्तीतल्या ट्रेलइतकंच दुर्मिळ आहे, ४२५ वेळा वाटल्यावर सरासरी एकदा. पण सात पानं पुरी होईपर्यंत त्या तीन सारख्या पानांना हरवणारे बरेच हात तयार होऊ शकतात.

बसण्याची जागा आणि हाताची कमाल

होल्डेममध्ये बटन कुणाकडे आहे त्यावरून पूर्ण डावात कोण आधी बोलणार आणि कोण शेवटी, हे पक्कं असतं. स्टडमध्ये थर्ड स्ट्रीटला सर्वांत लहान पानवाला सुरुवात करतो आणि चौथ्या पानापासून ज्याचा उघडा हात सर्वांत मोठा तो. म्हणजे क्रम दर पानाला बदलू शकतो. शेवटी बोलण्याचा फायदा होल्डेमसारखा हक्काने मिळत नाही, म्हणून ‘मी शेवटी आहे, हलका हात चालेल’ हा हिशेब इथे फारसा लागू पडत नाही.

दुसरा फरक जास्त महागात पडतो. होल्डेममध्ये मधल्या पाच पानांत जोडी नसेल तर कुणाकडेही फुल हाउस असू शकत नाही, आणि एका रंगाची तीन पानं नसतील तर फ्लशही नाही. म्हणजे समोरच्याच्या हाताची कमाल टेबलावर लिहिलेली असते. स्टडमध्ये तसं नाही. समोर राजा, नव्वी, चौकी, दुर्री अशी चार बेमेळ पानं दिसत असतील आणि झाकलेल्या तीनमध्ये दोन राजे आणि एक नव्वी असेल, तर त्याचं फुल हाउस झालेलं आहे. उघडी जोडी नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

फ्लश आणि स्ट्रेटवर मात्र मर्यादा घालता येते. झाकलेली पानं तीनच असल्यामुळे फ्लशसाठी त्या रंगाची किमान दोन पानं उघड्यावर दिसलीच पाहिजेत. चारही उघडी पानं चार वेगळ्या रंगांची असतील तर त्या खेळाडूकडे फ्लश नाही, हे पक्कं. स्ट्रेटसाठी तसंच, एकाच पाच पानांच्या ओळीत बसणारी दोन तरी पानं समोर हवीत. राजा, नव्वी, चौकी, दुर्री यांत राजा-नव्वी एका ओळीत बसतात, चौकी-दुर्रीही बसतात, म्हणून स्ट्रेट नाकारता येत नाही. शेवटच्या फेरीत कॉल करायचा की नाही हे ठरवताना ही तपासणी सगळ्यांत आधी करायची.

पहिली पायरी: हवं असलेलं पान शिल्लक आहे का

आठजणांच्या टेबलावर थर्ड स्ट्रीटला तुम्हाला दहा पानं दिसतात, स्वतःची तीन आणि इतरांची सात डोअर कार्ड्स. न दिसलेली ४२. होल्डेममध्ये फ्लॉप आल्यावरसुद्धा फक्त पाच पानं दिसलेली असतात. स्टडमध्ये मोजणीला इतकं वजन येतं ते याच फरकामुळे.

समजा तुमची तिन्ही पानं बदामाची आहेत. पुढच्या चार पानांत आणखी दोन बदाम आले की फ्लश. गड्डीत एकूण १३ बदाम, तुमच्याकडे ३, म्हणजे उरले १०. समोरच्या सात डोअर कार्ड्समध्ये एकही बदाम नसेल तर सातव्या पानापर्यंत फ्लश होण्याची शक्यता २३.६ टक्के, म्हणजे चारांत जवळजवळ एकदा. दोन बदाम दिसत असतील तर ती १५.८ टक्क्यांवर येते. तीन दिसत असतील तर १२.३, म्हणजे आठांत एकदा. तुमच्या हातातली तीन पानं तीच आहेत, पण तीन परक्या पानांनी त्यांची किंमत अर्धी केली. होल्डेममधून आलेला माणूस दोन्ही वेळा सारख्याच आनंदाने कॉल करतो. सुरुवातीच्या सगळ्या चुकांत ही सर्वांत जास्त चिप्स खाते.

एक साधा नियम हाताशी ठेवा. तीन पानांच्या फ्लशने सुरुवात करताना त्या रंगाचं एक पान समोर दिसलं तरी खेळायला हरकत नाही. दोन दिसली तर सोबत एखादं मोठं पान हवं किंवा कॉल स्वस्तात मिळायला हवा. तीन दिसली तर पानं टाकावी.

जोडीलाही हाच हिशेब लागतो. दोन राजे हातात असताना बाकीचे दोन्ही राजे न दिसलेले असतील तर पुढच्या चार पानांत निदान एक राजा येण्याची शक्यता १८.४ टक्के आहे. एक राजा कुणाच्या तरी समोर दिसत असेल तर ती ९.५ होते. दोन्ही गेले असतील तर तुमच्या जोडीचे तीन राजे कधीच होणार नाहीत. त्यांची वाढ फक्त दोन जोड्यांकडे आहे, आणि मग बाजूच्या तिसऱ्या पानाची शिल्लकही मोजावी लागते.

दुसरी पायरी: गेलेली पानं लक्षात ठेवायची

इथे एक अडचण येते. जो पानं टाकतो त्याचं डोअर कार्ड वाटणारा लगेच उचलून घेतो. खेळात राहिलेल्यांची पानं समोरच असतात, ती पाठ करायची गरज नाही. पाठ करायची ती टाकलेली पानं, आणि तीही जातात त्या क्षणी.

त्यासाठी पान वाटलं की आधी टेबलाभोवती एक नजर फिरवा आणि मगच झाकलेली दोन पानं बघा. आपली पानं आधी बघितली की मन त्यांतच अडकतं. पानं टाकली जाऊ लागली की ती आलेल्या क्रमाने न धरता लहानाकडून मोठ्याकडे मनात लावा: ‘पंजी, छक्की, नव्वी, गुलाम’. पुढचं पान गेलं की ते ओळीत योग्य जागी घाला आणि ओळ पुन्हा एकदा म्हणा. रंग सगळ्यांचे धरायला जाऊ नका. तुम्हाला किंवा समोरच्याला ज्या रंगाचा फ्लश होऊ शकतो, फक्त त्या रंगाचा आकडा ठेवा: ‘बदाम दोन गेले’. सुरुवातीला एवढंही निसटतं. तेव्हा निदान स्वतःच्या कामाची पानं आणि मोठी पानं धरा: एक्के, राजे, राण्या.

घरी सराव करायचा तर एकट्याने गड्डी घेऊन आठ उघडी पानं वाटा, पाच सेकंद बघा, सहा पालथी घाला आणि ती म्हणून बघा. रोज दहा मिनिटं केलं की आठवड्याभरात फरक जाणवतो.

तिसरी पायरी: डोअर कार्डवरून समोरच्याचा हात

सर्वांत आधी ब्रिंग-इनवाल्याला बाजूला काढा. त्याने चिप्स लावल्या त्या सक्तीने. त्याची झाकलेली पानं काहीही असू शकतात, आणि त्याने फुकट पुढचं पान बघितलं तर त्यातून काही कळत नाही. बाकी प्रत्येकजण स्वतःहून आलेला असतो, म्हणून त्याच्या डोअर कार्डला अर्थ असतो.

राजा दाखवत कुणी १० वर नेलं तर तो सांगतोय की माझ्याकडे राजांची जोडी आहे. त्यावर विश्वास किती ठेवायचा हे पुन्हा शिल्लक राजांवर अवलंबून. बेटिंगचा विचार न करता, फक्त पानांच्या हिशेबाने: बाकीचे तिन्ही राजे न दिसलेले असतील तर त्याच्या दोन झाकलेल्या पानांत निदान एक राजा असण्याची शक्यता साधारण १४ टक्के. एक राजा दुसरीकडे दिसला असेल तर ९. दोन दिसले असतील तर ५ च्या खाली. रेझ केल्यावर हे आकडे वाढतात, कारण राजा असलेला माणूस जास्त वेळा रेझ करतो. पण त्यांचा क्रम तोच राहतो, जितके राजे गेलेले तितकी शक्यता कमी. ज्याच्या मागे मोठं डोअर कार्ड उरलेलं नाही आणि ज्याला अँटी उचलायची संधी दिसते, तो जोडी नसतानाही राजाच्या जोरावर रेझ करतो. असा रेझ पकडायचा मार्ग म्हणजे गेलेले राजे मोजणं.

याच्या उलट, कुणी सत्ती दाखवत रेझ करतोय आणि त्याच्या मागे एक्का, राणी अशी पानं बसलेली आहेत. सत्तीची जोडी घेऊन मोठ्या पानांच्या तोंडी कुणी सहसा जात नाही. तेव्हा झाकलेल्या दोन पानांत मोठी जोडी आहे असं धरावं. लहान डोअर कार्डचा जोरदार रेझ हा मोठ्या डोअर कार्डच्या रेझपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायचा.

पुढच्या पानांवर एक खूण सगळ्यांत महत्त्वाची आहे: जोडी डोअर कार्डची झाली की नंतरच्या पानाची. राणी दाखवून आलेल्याला चौथ्या पानावर दुसरी राणी आली, तर त्याच्याकडे तीन राण्या असण्याची शक्यता खरी आहे. तो सुरुवातीला राणीची जोडी घेऊनच आला असेल. एक जोडी घेऊन तिथे थांबणं बहुतेक वेळा चुकीचं. पण चौथं पान सत्ती आणि पाचवंही सत्ती आलं, तर तीन सत्त्यांची भीती खूप कमी. सत्ती हे काही त्याचं खेळायला येण्याचं कारण नव्हतं. दोन जोड्या मात्र झालेल्या असू शकतात. म्हणूनच प्रत्येकाचं डोअर कार्ड कुठलं होतं हे शेवटपर्यंत ध्यानात हवं. उघडी पानं आली त्या क्रमाने मांडलेली असतात, ती कुणी हलवली तर वाटणाऱ्याला सांगून पुन्हा क्रमात लावून घ्यायला संकोच करू नये.

एक पूर्ण डाव

आठ खेळाडू, अँटी १, म्हणजे पॉटमध्ये ८. डोअर कार्ड्स ब्रिंग-इनपासून डावीकडे अशी: किलवर दुर्री, इस्पिक छक्की, किलवर राजा, बदाम राजा, बदाम नव्वी, मग तुमची चौकट राणी, नंतर किलवर गुलाम, बदाम पंजी. तुमच्या झाकलेल्या पानांत इस्पिक राणी आणि चौकट राजा आहे.

दुर्रीवाला ३ लावतो. छक्की आणि किलवर राजा पानं टाकतात. बदाम राजावाला १० वर नेतो. नव्वी पानं टाकते. आता तुमची पाळी.

होल्डेमच्या सवयीने बघितलं तर राणीची जोडी आणि समोर राजाचा रेझ, म्हणजे माघार. पण राजे मोजा. एक त्याच्या समोर, एक नुकताच टाकला गेला, एक तुमच्याच हातात झाकलेला. उरला एकच, इस्पिकचा. त्याच्याकडे राजांची जोडी असण्याची पानांच्या हिशेबाने शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली आहे. तुमच्या दोन्ही राण्या मात्र अजून शिल्लक. इथे पुन्हा रेझ करून २० करणं योग्य, कारण मागच्या गुलामाला आणि पंजीलाही त्याने बाहेर काढता येतं. सगळे पानं टाकतात, राजावाला कॉल करतो. पॉट ५१.

मग त्याच्याकडे आहे काय? एक तर झाकलेली जोडी, किंवा तीन बदाम, किंवा एक्क्यासारखं मोठं पान सोबत. बदामाची मोजणी इथेच करून ठेवायची: राजा, नव्वी, पंजी, असे तीन दिसले.

चौथं पान: त्याला बदाम चौकी, तुम्हाला इस्पिक सत्ती. त्याचा राजा मोठा, म्हणून तो आधी बोलतो आणि चेक करतो. तुम्ही १० लावता, तो कॉल करतो. पॉट ७१.

पाचवं पान: त्याला चौकट गुलाम, तुम्हाला चौकट सत्ती. आता तुमच्याकडे राणी आणि सत्तीच्या दोन जोड्या. उघड्या जोडीमुळे आधी तुम्ही बोलायचं आणि बेट २० ची. तो कॉल करतो, पॉट १११. राणी-सत्ती-सत्ती समोर दिसत असताना, आणि तुम्ही सुरुवातीला त्याच्यावर रेझ केलेला असताना तो थांबलाय. गुलामांत एक किलवरचा आधीच गेलाय, म्हणून गुलामाची जोडी हे कारण कमजोर. चार बदाम किंवा झाकलेली मोठी जोडी, हेच दोन अंदाज पुढे राहतात.

सहावं पान: त्याला बदाम अठ्ठी, तुम्हाला किलवर तिर्री. त्याच्या समोर आता राजा, चौकी, अठ्ठी असे तीन बदाम आहेत. तुम्ही चेक करता, तो २० लावतो.

इथे हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे. तुम्ही आतापर्यंत १६ पानं पाहिलीत, ३६ उरली. त्याच्या दोन झाकलेल्या पानांच्या ६३० शक्य जोड्या. दिसलेले बदाम पाच: राजा, नव्वी, पंजी, चौकी, अठ्ठी. उरले आठ, त्यांच्या जोड्या २८. म्हणजे ६३० पैकी २८ वेळा त्याच्याकडे फ्लश तयार आहे. टाकलेली नव्वी आणि पंजी बदामाऐवजी दुसऱ्या रंगाची असती, तर उरलेले बदाम दहा असते आणि जोड्या ४५. केव्हाच उचलून नेलेल्या त्या दोन पानांनी फ्लशच्या वाटा ४५ वरून २८ वर आणल्या. अर्थात त्याने पाचव्या पानावर कॉल केला आणि इथे स्वतःहून २० लावले, म्हणून फ्लशचं वजन ६३० पैकी २८ या साध्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त धरायला हवं.

तुमची वाढ कुठे? दोन राण्या आणि दोन सत्त्या, यांतलं एकही पान दिसलेलं नाही. ३६ पैकी ४, म्हणजे नऊत एकदा फुल हाउस. पॉटमध्ये १३१ आणि द्यायचे २०, म्हणजे साडेसहाला एक. नुसत्या फुल हाउससाठी आठाला एक हवे होते, थोडं कमी पडतं. पण ज्या वेळी त्याच्याकडे फ्लश नाही त्या वेळी तुमच्या दोन जोड्या बहुधा पुढे आहेत, आणि फुल हाउस झालं तर शेवटच्या फेरीत आणखी २० मिळायची आशा आहे. दोन्ही मिळून कॉल बरोबर. राण्यांपैकी एक आणि सत्त्यांपैकी एक आधी कुणाच्या समोर दिसली असती, तर वाढ ३६ पैकी २ वर आली असती आणि इथे पानं टाकणं जास्त शहाणपणाचं झालं असतं.

सातवं पान झाकून येतं, तुम्हाला कामाचं येत नाही. तुम्ही चेक करता, तो २० लावतो, पॉट १७१. इथे कॉल करायला साडेनऊ वेळांत एकदा बरोबर निघालं तरी पुरे. तुम्ही कॉल करता. तो उलटतो: बदामाचा एक्का आणि दश्शी. फ्लश.

डाव हरला तरी थर्ड स्ट्रीटचं वाचन चुकलं नव्हतं. राजांची जोडी त्याच्याकडे कधीच नव्हती. पाचव्या पानावर त्याच्याकडे चार बदाम होते आणि दोन पानं यायची होती. त्याच्या नजरेतून ३८ न दिसलेल्या पानांत सात बदाम, म्हणजे फ्लश होण्याची शक्यता ३४ टक्क्यांच्या जवळ. नव्वी आणि पंजी दुसऱ्या रंगाच्या असत्या तर ती ४२ च्या वर गेली असती. पाचव्या पानावरची तुमची २० ची बेट त्याला त्या कमी शक्यतेवर चिप्स घालायला लावत होती. हेच डोअर कार्ड्स, हीच पानं पुन्हा आली तर थर्ड स्ट्रीटला पुन्हा २० च करायचे.